किनाऱ्यावरच्या हॉटेलातले दीडशे जोड बूट: व्हीगन लेदर की खरं चामडं?

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं एक हॉटेल. गणवेश घालणारे कर्मचारी साठ. स्वागतकक्ष आणि रेस्टॉरंटमधली मंडळी आठ-नऊ तास उभीच असतात. मालक स्वतः व्हीगन, त्यामुळे हॉटेलात प्राण्यांपासून बनलेली वस्तू शक्यतो घ्यायची नाही हे धोरण पहिल्यापासून ठरलेलं.

त्याप्रमाणे एका एप्रिलमध्ये काळ्या फॉर्मल बुटांचे १५० जोड एकदम घेतले गेले. किंमत जोडीला ९०० रुपये आणि वर्णन ‘व्हीगन लेदर, पीयू सोल’, म्हणजे वरचा भाग चामड्यासारख्या दिसणाऱ्या सिंथेटिकचा आणि सोल पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा. प्रत्येकाला एक जोड दिला आणि उरलेले ९० जोड तळमजल्यावरच्या कोठीत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या खोक्यांमध्ये ठेवून दिले. दोन वर्षांची सोय झाली आणि घाऊक खरेदीमुळे भावही बरा मिळाला, असा हिशोब होता.

अडचण

रोज वापरातले बूट साधारण आठ महिन्यांत खराब दिसू लागले. चालताना बोटांच्या मागे जिथे घडी पडते तिथे आधी बारीक रेघा आल्या, मग वरचा काळा पापुद्रा सुटून आतलं करडं कापड दिसू लागलं. कर्मचारी रोज ब्रशने पॉलिश घासत होते, पण त्याचा उपयोग नव्हता. पॉलिशमधलं मेण चामड्याला लागू पडतं, प्लॅस्टिकच्या फिल्मवर ते नुसतं वर बसून राहतं.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे खरेदीनंतर चौदा महिन्यांनी, मोठा धक्का बसला. कोठीतले कोरे जोड वाटले आणि दोन दिवसांत त्यांचे सोल चुरा होऊन पडू लागले. रेस्टॉरंटच्या फरशीवर काळे, चिकट तुकडे दिसत होते. एका वाढप्याचा सोल तर हातात ताट असताना निघाला.

‘सिंथेटिक टिकत नाही, आता सरळ चामड्याचे घ्या,’ अशी मागणी व्यवस्थापकांनी केली. मालकांना ती मान्य नव्हती. खरेदी पाहणाऱ्या बाईंनी मात्र दोन्ही बाजूंना थोडं थांबवलं आणि पादत्राण तंत्राचं शिक्षण घेतलेल्या एका तंत्रज्ञांना बोलावलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, असं आमचं मत आहे. नेमकं काय बिघडलं हे कळण्याआधी दुसरा माल मागवला असता, तर कदाचित चामड्याचे बूट आले असते आणि त्यांनाही तोच पीयू सोल असता.

तपासणी: बिघाड एक नव्हे, दोन

तंत्रज्ञांनी एक वापरलेला आणि एक कोरा बूट सुरीने उभा कापला. वरच्या भागाच्या कडेला विणलेलं पॉलिएस्टर कापड आणि त्यावर पातळ फिल्म दिसली. फिल्म पीव्हीसीची की पीयूची हे ओळखायला तांब्याच्या तारेची चाचणी केली. तार लाल होईपर्यंत तापवायची, फिल्मला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. इथे ती हिरवी झाली नाही, फिल्म पीयूची निघाली. (ही चाचणी उघड्यावर करावी आणि धूर नाकात जाऊ देऊ नये.)

कोऱ्या बुटाच्या सोलमध्ये अंगठा दाबला तर खड्डा पडून तसाच राहत होता. तो बूट कोणी घातलेलाच नव्हता, म्हणून झीज हे कारण असूच शकत नव्हतं. हे हायड्रॉलिसिस होतं. स्वस्त, हलक्या सोलसाठी बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीचं पीयू वापरतात. त्यातल्या रासायनिक साखळ्या हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचं तुटणं आणखी वाढवतं. उष्ण आणि दमट कोठी, वर बंद पिशवी, म्हणजे ओलावाही आत आणि आम्लही आत. वापराशी या प्रक्रियेचा फारसा संबंध नसतो, ती काळाच्या हिशोबाने चालते.

सोलच्या खालच्या बाजूला साच्यातून उमटलेलं छोटं गोल चिन्ह होतं. कडेला १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे दाखवणारा बाण. ते वाचल्यावर कळलं की सोल खरेदीच्या जवळपास दोन वर्षं आधी तयार झाले होते. पुरवठादाराने पडून राहिलेला माल दिला होता आणि तो हॉटेलच्या कोठीत आणखी पडून राहिला.

वरच्या भागाचं दुखणं वेगळं होतं. तिथे पातळ फिल्म घडीच्या जागी पुन्हा पुन्हा वाकून फुटली होती. शिवाय अनेकांनी तंग वाटतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला होता. मोठ्या बुटात पायाची घडी आणि बुटाची घडी एका जागी येत नाही. मग साहित्य नको तिथे, टोकदार सुरकुतीत मोडतं आणि फाटतं.

म्हणजे सोल गेला तो रसायनामुळे आणि वरचा भाग गेला तो पातळ फिल्ममुळे आणि चुकीच्या मापामुळे. यातलं कुठलंच कारण ‘चामडं नव्हतं म्हणून’ या एका वाक्यात बसत नाही. चामड्याच्या बाजारातही असा फसवा माल असतो. चामड्याचा खालचा, सैल थर वेगळा काढून त्यावर जाड पीयू फिल्म चिकटवतात आणि ‘अस्सल लेदर’ म्हणून विकतात. त्याचाही पापुद्रा निघतो.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय तोच माल दरवर्षी ताजा घेण्याचा. हिशोब सोपा होता: ९०० रुपयांचा जोड साधारण २०० दिवस वापरला गेला, म्हणजे दिवसाला साडेचार रुपये. पुढचे सगळे पर्याय या आकड्याशी ताडून पाहिले.

दुसरा पर्याय म्हशीच्या चामड्याचा, क्रोम टॅन केलेला म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला, वरचा मूळ थर राखलेला बूट. किंमत २,३०० रुपये. साडेचार रुपयांशी बरोबरी व्हायला त्याने ५११ दिवस प्रत्यक्ष वापर दिला पाहिजे. नीट निगा राखली तर चांगल्या चामड्याला हे अवघड नाही, कारण त्याचं बळ फिल्ममध्ये नसून जाडीभर गुंतलेल्या तंतूंमध्ये असतं. वरचा रंग गेला तर पुन्हा चढवता येतो, शिवण उसवली तर चांभार ती घालून देतो.

तिसरा पर्याय मायक्रोफायबरचा. हेही सिंथेटिकच, पण याचा पाया विणलेलं कापड नसतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे अतिशय बारीक तंतू नमद्यासारखे एकमेकांत अडकवून त्यात पीयू भरलेलं असतं. कापलेल्या कडेला विणीच्या ओळी दिसत नाहीत, चामड्यासारखी तंतुमय कड दिसते. किंमत १,७०० रुपये, बरोबरीसाठी ३७८ दिवस.

चौथा पर्याय एका कर्मचाऱ्याने सुचवला. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्यात क्रोम नसतं, मग ते का नको? सूचना विचारपूर्वक केलेली होती. कोल्हापुरी चपलांना २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्या परंपरेबद्दल आदर आहेच. पण चामड्याचा तळ पावसात पाणी पितो, फुगतो, ओल्या फरशीवर घसरतो. पाहुण्यांची ताटं घेऊन धावणाऱ्याच्या पायात ती जोखीम नको. शिवाय साल-हिरड्याने कमावलं तरी कातडं प्राण्याचंच, त्यामुळे मालकांचा मूळ आक्षेप तिथेच राहतो.

एका पायात चामडं, दुसऱ्या पायात मायक्रोफायबर

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बूट तुलनेला घेतले तर साचा, सोल, आतली गादी सगळंच बदलतं आणि साहित्याचा फरक कळत नाही. म्हणून आग्र्याच्या एका उत्पादकाकडून दहा जणांसाठी चौदा जोड खास करून घेतले. एकाच साच्यावर, एकाच नायट्राइल रबराच्या सोलचे, पण एक पाय चामड्याचा आणि दुसरा मायक्रोफायबरचा. पाच जणांना चामडं डाव्या पायात दिलं, पाच जणांना उजव्या. प्रत्येकाचे दोन पाय सारखे घाम देत नाहीत, म्हणून ही अदलाबदल.

मालकांना चामडं आवारात येणंच खटकत होतं. पण जे आपण नाकारतो आहोत त्यात कर्मचाऱ्यांना खरंच जास्त आराम आहे का हे माहीत असलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी एका हंगामापुरती परवानगी दिली. चाचणी जून ते सप्टेंबर चालली. ड्यूटीच्या आधी आणि नंतर मोजे आणि बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, आणि बूट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोलले.

पहिल्या आठवड्यात चामडं उघड पुढे होतं. त्या पायातला मोजा कमी ओला, कारण चामडं घामाची वाफ शोषतं आणि थोडी बाहेरही सोडतं. पंधरवड्यात ते पायाच्या आकाराप्रमाणे सैल होऊन बसलं. मायक्रोफायबर ताणलं तरी बरंचसं मूळ आकारावर परत येतं, त्यामुळे करंगळीपाशी दाब राहिल्याच्या तक्रारी बहुतेक त्याच पायाच्या होत्या.

जुलैत चित्र बदललं. दिवसभर प्यायलेला ओलावा चामड्याने रात्रीत सोडायला हवा, पण त्या हवेत तो सुटेना. सलग तिसऱ्या दिवशी चामड्याचा बूट सकाळी ओलसरच, जड, आणि आतून गार लागे. मायक्रोफायबरच्या पायात मोजा जास्त भिजायचा, पण गादी काढून ठेवली की बूट सकाळपर्यंत कोरडा. साप्ताहिक सुट्टी किंवा रजेनंतर चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली; मायक्रोफायबरवर आली ती फक्त आतल्या कापडी अस्तरावर.

एकाने ओला बूट तंदूरजवळ वाळायला ठेवला. चामड्याचा पाय आखडून कडक झाला, तो पुन्हा वापरता आला नाही. ओल्या चामड्याला उष्णता अजिबात सोसत नाही. वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवणं एवढंच करावं.

ज्या चौघांना दोन जोड देऊन एक दिवसाआड घालायला सांगितलं होतं, त्यांच्याकडे मात्र चामड्याचा आराम जुलैतही टिकला. म्हणजे खरा प्रश्न होता तो वाळायला वेळ मिळतो की नाही हा.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एकाआड एक दोन जोड वापरले तर चामड्याला निव्वळ फायदा होतो. हायड्रॉलिसिस होणाऱ्या पीयूला तसा होत नाही, कारण झीज निम्मी झाली तरी रासायनिक वय रोजचं रोज वाढतच राहतं. म्हणून सिंथेटिकचे दोन जोड द्यायचे असतील तर ते पीयू ओलाव्याला टिकणारं आहे याचा पुरावा आधी हातात हवा.

पर्यावरणाचा हिशोब

मालकांचं म्हणणं होतं की व्हीगन बूट निसर्गाला आपोआपच बरा. तंत्रज्ञांनी हा मुद्दा प्राण्यांबद्दलच्या भूमिकेपासून वेगळा करायला सांगितलं. प्राण्याचं कातडं वापरायचं नाही हा नैतिक निर्णय आहे आणि त्याला प्रदूषणाच्या आकड्यांचा आधार लागत नाही. पण प्रदूषणाचा दावा करायचा तर तो तपासावा लागेल.

चामड्याची बाजू जड आहे, यात शंका नाही. एक टन मिठात राखलेल्या कातड्यांतून तयार चामडं मिळतं ते २०० ते २५० किलोच. बाकीचं कचरा किंवा सांडपाणी होतं. पारंपरिक पद्धतीत टनामागे ३० ते ४० हजार लिटर पाणी लागतं आणि त्यात मीठ, सल्फाइड, न शोषलेलं क्रोमियम असतं. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यात यामुळे काय झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या वेल्लोर निकालात नोंदलेलं आहे. जनावर पाळण्याचा कार्बनभार किती चामड्याच्या माथी मारायचा यावर वाद आहे. कातडं मांसाचं उपउत्पादन मानलं तर आकडा लहान होतो, किमतीच्या प्रमाणात वाटला तर मोठा.

सिंथेटिकची बाजूही हलकी नाही. पीयू आणि मायक्रोफायबर खनिज तेलातून येतात. त्यांच्या नेहमीच्या निर्मितीत डीएमएफ नावाचं द्रावक वापरतात, जे कामगारांच्या यकृताला आणि प्रजननाला घातक आहे. पाण्यावर आधारित पीयू हा त्यातला बरा मार्ग. अननसाच्या पानांचं किंवा निवडुंगाचं म्हणून विकलं जाणारं ‘लेदर’ मागवून पाहायचा विचार झाला, पण अशा साहित्यावरही बहुधा पीयूचाच थर असतो, हे कळल्यावर तो मागे पडला.

शेवटी टिकाऊपणाच निर्णायक ठरला. आठ महिन्यांत जाणारा बूट म्हणजे दोन वर्षांत माणशी तीन जोड कचरा, मग तो कशाचाही असो. हॉटेलचा माळी खराब झालेले जोड जाळणार होता, ते वेळीच थांबवलं. पीयू जळताना विषारी वायू सोडतं, आणि क्रोमचं चामडं जाळलं तर राखेत घातक सहा-संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं.

निर्णय आणि मागणीपत्र

रेस्टॉरंट आणि स्वागतकक्षासाठी मायक्रोफायबर ठरलं, माणशी दोन जोड. त्यात मालकांचं धोरण हे एक कारण होतंच, पण पावसाळ्यात लवकर वाळणं हे कर्मचाऱ्यांनी स्वतः दिलेलं कारण होतं. हॉटेल कोरड्या हवेच्या गावात असतं आणि धोरणाची अट नसती, तर आम्ही चामड्याचीच शिफारस केली असती.

या वेळी मागणीपत्रात ‘व्हीगन लेदर’ हा शब्दच ठेवला नाही. वरचा भाग मायक्रोफायबर, सोल नायट्राइल रबर, कुठल्याही थरात पीयू फोमचा सोल नको, असं भागवार लिहिलं. वरच्या साहित्याचा ७० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्के आर्द्रतेतला तीन आठवड्यांचा चाचणी अहवाल मागितला, आणि त्यानंतरही वाकवण्याच्या यंत्रावर एक लाख वेळा वाकून भेग पडू नये अशी अट घातली. सोलवरची निर्मिती तारीख सहा महिन्यांहून जुनी नको. अस्तर आणि आतला तळ वेगळे नमूद केले, कारण वरून सिंथेटिक असलेल्या बुटात आत डुकराच्या चामड्याचं अस्तर निघू शकतं. माप घेताना लांबी वाढवण्याऐवजी रुंद साचा मागवला. गादी काढता येणारी घेतली आणि जोडीमागे एक जादा गादी.

पहिल्या पुरवठादाराने भागवार माहिती द्यायलाच नकार दिला. दुसऱ्याचा अहवाल कापडावरच्या पीयूचा होता, मायक्रोफायबरचा नव्हता. नमुन्याचं वर्णन वाचलं म्हणून ते लक्षात आलं. ज्याने चाचणीचे जोड केले होते त्याच उत्पादकाकडे काम गेलं.

परिणाम

दोन वर्षांनंतरची स्थिती अशी. १२० जोडांपैकी ११ बाद झाले. त्यातल्या सातांचा सोल टाचेकडून सुटला, चारांचं टाचेचं अस्तर फाटलं. पापुद्रा निघालेला एकही नाही आणि सोलचा चुरा कुठेच नाही. प्रत्येक जोड साधारण ३०० दिवस वापरला गेला आहे. म्हणजे ३७८ दिवसांची पैशातली बरोबरी अजून व्हायची आहे. बहुतेक जोड तिथवर पोहोचतील अशी त्यांची स्थिती आहे.

आरामाबद्दल मत विभागलेलं आहे. पावसाळ्यात सगळे खूश. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र वाढप्यांना पाय तापल्यासारखे वाटतात, आणि चाचणीत चामडं घातलेल्यांना तो फरक आठवतो. त्यावर दुपारच्या सुट्टीत मोजे बदलायची सोय केली आहे. थोडा आराम मिळतो, पण चामड्याची बरोबरी होत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या खरेदीत साठ जोड घेऊन थांबायला हवं होतं. साठवण म्हणजे बचत हा हिशोब पीयूच्या बाबतीत उलटा पडतो, आणि मालावरची तारीख वाचायला एक मिनिट पुरलं असतं.

चाचणी फक्त पावसाळ्यात झाली. उन्हाळ्याचे दोन महिने धरले असते तर उकाड्याची तक्रार आधीच कळली असती आणि स्वागतकक्षासाठी, जिथे वातानुकूलन आहे, आणि रेस्टॉरंटसाठी वेगवेगळे बूट निवडता आले असते. निदान जाळीदार अस्तर तरी मागता आलं असतं.

आणि दुरुस्तीचा विचार मागणीपत्रात नव्हता. सुटलेले सात सोल गावातल्या चांभाराने चिकटवून पाहिले. नेहमीच्या सोल्यूशनने तीन पुन्हा सुटले. नायट्राइल रबराचा पृष्ठभाग घासून, प्रायमर लावून, पीयू चिकटद्रव्य गरम करून दाबावं लागतं. ते उत्पादकाकडून मागवून त्या कारागिराला दिल्यावर उरलेले चार नीट बसले. पुढच्या खरेदीत चिकटद्रव्य आणि प्रायमरचा डबा जोडांसोबतच मागवायचा आणि टाचेकडून सोलला शिवण घालून घ्यायची, असं ठरलं आहे. शिवणीचे जोडीमागे साठ रुपये जादा पडतील.